सोलापूर, विजापूर रोड, सैफुलच्या पुढे: सिग्नल नाही, पूल नाही. वयस्कर माणसानं रस्ता नेमका कुठून ओलांडायचा?

मीरा_जुळे
आई (वय ७२) विजापूर रोडला लागून राहते, सैफुलच्या पुढे. भाजी, दवाखाना आणि देऊळ तिन्ही रस्त्याच्या पलीकडे. दोन्ही बाजूंना दोन-दोन लेन आणि मध्ये दुभाजक आहे. घरासमोरच दुभाजक फुटलाय. सगळे तिथूनच ये-जा करतात आणि दुचाकीवालेही तिथूनच वळतात. जवळपास सिग्नल नाही, पादचारी पूल नाही, झेब्रा पुसून गेलाय.

ओलांडायला बरी जागा कशी शोधायची? आणि एखादी जागा बरी आहे की नाही हे ठरवायचं कशावरून? "जपून जा" असं तिला रोज सगळेच सांगतात, त्यापेक्षा काही नेमकं हवंय.

कडकभाकरी
ताई, सोपं आहे की. हात वर करायचा, ड्रायव्हरच्या डोळ्यात बघायचं आणि एका चालीनं निघायचं. पळायचं नाही, मध्येच थबकायचं नाही, मागं फिरायचं नाही. गाड्या थांबतात की ओ. नव्या पेठेत दिवसभर हेच चालतं.

निवृत्त_ओव्हरसियर
कडकभाकरी, पळू नये आणि मागं फिरू नये हे अगदी खरं. माणूस एका चालीनं चालला तर ड्रायव्हरला अंदाज बांधता येतो. पण नव्या पेठेतला नियम विजापूर रोडला लावू नका. पेठेत गाड्या ताशी १५-२० नं चालतात, हात दिसला की जागेवर थांबतात. मोकळ्या रस्त्यावर ताशी ६० नं येणारी गाडी सेकंदाला साधारण १७ मीटर पुढं सरकते. ड्रायव्हरचं लक्ष जाऊन पाय ब्रेकवर पडेपर्यंत दोन सेकंद धरले, तर तेवढ्यात ३०-३५ मीटर गेले. त्यानंतर टायर घासत थांबायला आणखी पंचवीसेक मीटर. म्हणजे कोरड्या डांबरावर, ब्रेक धड असलेल्या गाडीला ६० मीटर लागतात. भरलेल्या ट्रकला याहून जास्त, आणि पहिल्या पावसात रस्ता बुळबुळीत झाला की त्याहून जास्त. त्या अंतराच्या आत हात दाखवला तर ड्रायव्हरची इच्छा असूनही गाडी थांबत नाही.

दुसरी गोष्ट डोळ्यात बघायची. दुपारी काचेवर ऊन असतं, रात्री हेडलाइट असतो, डोळे दिसतात कुठं? ड्रायव्हरकडं बघण्यापेक्षा गाडीच्या पुढच्या चाकाकडं बघावं. चाकाचा वेग मंदावला तर तो थांबतोय.

शेंगाचटणी
यावर उपाय एकच, पादचारी पूल. महापालिकेला सह्यांचं निवेदन द्या, नगरसेवकाला भेटा. मी मसुदा लिहून देते.

मीरा_जुळे
शेंगाचटणीताई, निवेदन देऊच. पण पूल होईपर्यंत आई भाजी आणायची थांबणार नाही ना. मला आजची जागा हवी आहे.

एसटी_प्रेमी
पूल झाला तरी ७२ वर्षांच्या बाई चढतील का हाही प्रश्नच आहे. खालून ट्रक जायला साडेपाच मीटर मोकळी उंची ठेवावी लागते, त्यावर तुळईची जाडी. म्हणजे चढायला चाळीसेक पायऱ्या आणि उतरायला तेवढ्याच. गुडघेदुखीची माणसं पुलाखालूनच जातात. मागायचंच असेल तर जमिनीवरची सोय मागा. दुभाजकात उभं राहायला रुंद जागा, दिवा, अलीकडे रंबल पट्ट्या.

नकाशावेडा
जागा शोधायची तर आधी घरात बसून शोधा, अर्धं काम होतं. गूगल मॅप्सवर सॅटेलाइट चित्र लावा आणि घरापासून दोन्ही दिशांना एकेक किलोमीटर दुभाजक नजरेनं पिंजून काढा. फट कुठं आहे, फट रुंद आहे की अरुंद, समोर गल्लीचं तोंड येतं का, रस्ता कुठून वळतो, हे सगळं वरून दिसतं. मग नकाशावर बोट दाबून धरलं की 'अंतर मोजा' येतं. त्यानं घर ते फट किती मीटर ते काढा.

एक मात्र सांभाळा. पायी जाण्याचा मार्ग विचारला की तेच मॅप्स कधी कधी बिनदिक्कत दुभाजकावरून सरळ रेघ मारतं. त्या रेघेवर जाऊ नका. चित्रही कधी कधी जुनं असतं. फट दिसली तरी मध्यंतरी काँक्रीटनं बुजवलेली असू शकते, म्हणून एकदा जाऊन बघायचंच.

होटगीरोडकर
प्रत्यक्ष बघायला गेलात तर दुभाजकातल्या मातीवर बघा. लोक जिथून जातात तिथं गवत तुडवलेलं, कठड्याची कड झिजलेली दिसते. लोकांनी अनुभवानं शोधलेली जागा ती, तिथूनच जावं.

निवृत्त_ओव्हरसियर
होटगीरोडकर, त्या पायवाटेवरून एवढंच कळतं की लोकांना ती जागा जवळ पडते. समोर रिक्षा थांबा किंवा दुकान असलं की पायवाट पडते, मग तिथं वळण असो नाही तर चढ. ती फक्त बघायची यादी धरा, निवड वेगळी करा.

मीराताईंच्या घरासमोरची फुटलेली फट तर मी पहिल्यांदा बाद करेन. लोकांना वाटतं दुभाजक उघडा आहे म्हणजे ओलांडायची जागा. पण त्याच उघड्या जागेत दुचाक्या, रिक्षा, टेम्पो वळतात. माणूस मध्ये पोचतो, उभं राहायला कठड्याचा आडोसा नाही आणि वळणारी गाडी त्याच्या पाठीमागून येते. वळणाऱ्याचं लक्ष समोरून येणाऱ्या गाड्यांवर असतं, पायाजवळच्या माणसावर नसतं.

मग बरी जागा कोणती? फटीपासून १५-२० मीटर बाजूला, जिथं दुभाजक सलग आहे, ठेंगणा आहे, वर निदान सव्वा मीटर रुंद सपाट जागा आहे आणि झुडपं नाहीत. कण्हेर लावलेला दुभाजक नको. कण्हेर डोक्याएवढी वाढते आणि बाहेर पाऊल टाकेपर्यंत माणूस कुणाला दिसत नाही. कमरेएवढ्या उंच काँक्रीटच्या भिंतीचा दुभाजक असेल तर वयस्कर माणसानं तिथं विचारही करू नये.

रस्ता एकदम ओलांडायचा नाही, दोन वेगळे रस्ते समजायचे. पहिल्या अर्ध्यात गाड्या उजवीकडून येतात, दुसऱ्या अर्ध्यात डावीकडून. मध्ये दुभाजकावर चढून थांबायचं, श्वास घ्यायचा आणि नव्यानं बघायचं.

कडकभाकरी
काका, पटलं. पण एक राहिलं. राँग साइडनं येणारे. दुभाजकाला घासून उलटे येतात आणि नेमके तिथंच भेटतात जिथं आपण चढायला पाय उचललेला असतो.

निवृत्त_ओव्हरसियर
बरोबर. म्हणून दुभाजकावर चढायच्या आधीच्या शेवटच्या दोन पावलांत एकदा डावीकडंही मान वळवायची. आणि उतरताना आधी खाली, कठड्यालगत बघायचं, मग लांब.

रोजचा_पायी
मला मधूनच ओलांडणं पटत नाही. चौकात जावं. चौकात गाड्या आपोआप हळू होतात, सकाळच्या वेळी वाहतूक पोलीस असतो, माणसं घोळक्यानं जातात. घोळक्याला गाड्या मान देतात, एकट्याला देत नाहीत.

निवृत्त_ओव्हरसियर
पोलीस उभा असेल त्या वेळेत चौकच बरा, मान्य. पोलीस नसताना बिनसिग्नलच्या चौकात गाड्या चारही बाजूंनी येतात, त्यात डावीकडं वळणारा न थांबता वळतो. वयस्कर माणसाला एका दिशेकडं नीट बघणं जमतं, चार दिशांकडं नाही. म्हणून मी चौकापासून शंभरेक मीटर लांब, सरळ रस्ता पसंत करतो.

रोजचा_पायी
पण शंभर मीटर लांब गाड्यांनी वेग घेतलेला असतो ना. चौकात धक्का लागला तर खरचटतं, तिथं लागला तर जीव जातो. मी चौकच म्हणेन.

मीरा_जुळे
दोघांचंही ऐकतेय. काका, "सरळ रस्ता" म्हणजे किती सरळ? आईला किती लांबची गाडी दिसली तर निघायचं नाही, हे आकड्यात सांगता येईल का?

निवृत्त_ओव्हरसियर
येईल. दोन मोजमापं घेऊन या. अंगणात १० मीटर आखा आणि आईंना रोजच्या चालीनं, हातात पिशवी घेऊन चालायला सांगा. किती सेकंद लागतात ते मोबाइलवर मोजा. दुसरं, रस्त्यावरच्या दोन दिव्यांच्या खांबांमधलं अंतर पावलांनी मोजा. दुभाजकात शिरू नका, कडेनं चालत मोजा.

मीरा_जुळे
मोजलं. आईला १० मीटरला १२ सेकंद. खांबांमध्ये माझी ४१ पावलं, म्हणजे अंदाजे ३० मीटर. एका बाजूचा रस्ता, कडेची पट्टी धरून, साडेसात मीटर.

निवृत्त_ओव्हरसियर
छान. आता हिशेब. १० मीटरला १२ सेकंद, म्हणजे साडेसात मीटरला ९. कडेवरून खाली उतरणं आणि दुभाजकावर पाय चढवणं याला २. चप्पल अडकली, पिशवी घसरली, यासाठी ३ राखीव. एकूण १४ सेकंद.

आता गाड्यांचा वेग. एखादी गाडी एका खांबाजवळून दुसऱ्या खांबापर्यंत जाताना "एक हजार एक, एक हजार दोन" असं म्हणा. दोन सेकंदांहून किंचित जास्त लागले तर ती ताशी ५० च्या आसपास आहे. दीडच लागले तर ७०. सरासरी काढू नका, तिथून जाणाऱ्यांत वेगवान कोण ते बघा. बहुतेक वेळा ती मोटरसायकल किंवा मोकळी जीप असते.

ताशी ५० ची गाडी १४ सेकंदांत १९५ मीटर येते. ३० मीटरला एक खांब धरला तर साडेसहा, म्हणजे सातवा खांब. आईंनी निघताना उजवीकडं बघायचं. सातव्या खांबाच्या अलीकडं एकही गाडी नसेल तरच पाऊल टाकायचं. आणि ज्या जागेवरून सातवा खांब दिसतच नाही, वळण येतं, चढ येतो, फलक आड येतो, ती जागा बाद. सरळ म्हणजे किती सरळ, याचं उत्तर हे.

नकाशावेडा
आणि गाड्या ७० नं येत असतील तर?

निवृत्त_ओव्हरसियर
तर पावणेतीनशे मीटर, म्हणजे दहावा खांब. तेवढ्या लांबची गाडी येतेय की उभी आहे हेच डोळ्याला कळत नाही. त्या वेळी तिथून ओलांडू नये. सोलापुरात उन्हाळ्यात दुपारी एक ते चार रस्ता रिकामा दिसतो, पण त्याच वेळी गाड्या सुसाट असतात. संध्याकाळी गर्दी वाढते, वेग उतरतो आणि पाचवा खांबही पुरतो. पण तेव्हा मोकळी फट मिळायला जास्त थांबावं लागतं.

विजयामाई
आमच्या घरच्यांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन एकाच डोळ्याचं झालंय. त्यांना सातवा काय, तिसरा खांब दिसत नाही. त्यांच्यासाठी काय करायचं?

निवृत्त_ओव्हरसियर
माई, खांबांची रीत दोन्ही डोळे धड असलेल्या माणसासाठी. एका डोळ्यानं अंतराचा अंदाज चुकतो. दुसऱ्या डोळ्याचं होईपर्यंत त्यांनी एकट्यानं मोठा रस्ता ओलांडू नये, सोबत माणूस हवा. सोबतच्यानं गाड्या ज्या बाजूनं येतात त्या बाजूला राहावं. म्हणजे दुभाजकावर पोचल्यावर दोघांनी बाजू बदलायची.

एसटी_प्रेमी
बसथांब्याचं कुणी बोललं नाही. बस उभी असताना तिच्या पुढून ओलांडणं हा फार मोठा धोका आहे. बसला वळसा घालून ओव्हरटेक करणाऱ्या गाडीला माणूस दिसत नाही आणि माणसाला ती गाडी दिसत नाही. बस निघून जाऊ द्यावी, रस्ता पूर्ण उघडा झाला की मग बघावं. तीच गोष्ट दोन लेनमध्ये. डाव्या लेनमधला भला माणूस थांबून हातानं "जा" म्हणतो, आपण निघतो आणि त्याच्या उजव्या बाजूनं दुसरा भरधाव येतो. त्या थांबलेल्या गाडीच्या बोनेटच्या टोकाशी थांबायचं, डोकं पुढं काढून पलीकडची लेन बघायची, मगच पुढं जायचं.

माढेकर
ऊसाचे ट्रॅक्टर विसरलात. कारखाने चालू झाले की रात्रंदिवस. दोन ट्रॉल्या, मागं दिवा नाही, रिफ्लेक्टर चिखलानं झाकलेला. ट्रॅक्टर हळू असतो, म्हणून माणूस म्हणतो, हा जाऊ दे आणि लगेच निघू. पण ट्रॉलीच्या आड दोन दुचाक्या आणि एक कार तुंबलेली असते. ट्रॉली सरकली की त्या बाहेर झेपावतात. ट्रॉली गेल्यावर मनात पाच मोजायचे आणि मगच बघायचं. ट्रॉलीच्या बाजूनं ऊस लोंबत असतात, तेव्हा कडेला उभं राहतानाही एक पाऊल मागं.

आणि रात्री एकच दिवा दिसला तर ती दुचाकीच आहे असं धरू नका. एक हेडलाइट गेलेला टेम्पोही असतो. मग त्याची दुसरी बाजू तुमच्या अंगावर येते.

शेंगाचटणी
मग रात्री दिव्याखालीच उभं राहायचं का?

निवृत्त_ओव्हरसियर
अगदी दिव्याखाली नाही. दिवा तुमच्या पाठीमागं पडला तर ड्रायव्हरला तुमची नुसती काळी आकृती दिसते, तीही उशिरा. ज्या दिशेनं गाडी येते त्या बाजूला दिवा असावा आणि आपण खांबाच्या दोन-तीन मीटर पुढं. मग उजेड अंगावर पडतो. दुसऱ्या अर्ध्यात गाड्या उलट दिशेनं येतात, तेव्हा दुभाजकावरून चालत खांबाच्या दुसऱ्या बाजूला यायचं. दुभाजक तिथं रुंद असेल तरच.

होटगीरोडकर
तक्रार नेमकी कुणाकडं करायची? महापालिका म्हणते महामार्गवाले, महामार्गवाले म्हणतात महापालिका.

एसटी_प्रेमी
कडेचा किलोमीटरचा दगड बघा. माथा पिवळा असेल तर राष्ट्रीय महामार्ग, हिरवा असेल तर राज्य महामार्ग. राष्ट्रीय महामार्गासाठी १०३३ हा फोन आहे. पण दगड जुना असतो आणि रस्ता नंतर हस्तांतरित झालेला असू शकतो. म्हणून अर्जात दोघांनाही प्रत लावा. आणि गतिरोधक मागू नका. राष्ट्रीय महामार्गाच्या मुख्य रस्त्यावर तो टाकत नाहीत आणि त्याच मुद्द्यावर अर्ज परत येतो.

रोजचा_पायी
झेब्रा तरी रंगवून घ्या. कायद्यानं झेब्र्यावर पादचाऱ्याचा हक्क पहिला.

निवृत्त_ओव्हरसियर
हक्क पहिला हे खरंच. पण मधल्या रस्त्यावर नुसता रंग मारला, दिवा नाही, आधी रंबल पट्ट्या नाहीत, तर माणूस त्या पट्ट्यांच्या भरवशावर उतरतो आणि ड्रायव्हर वेग कमी करत नाही. रंग मागा, पण सोबत बाकीचंही मागा. आणि झेब्र्यावरही सातवा खांब बघायचाच.

मीरा_जुळे
काल सगळं फिरून बघितलं. घरापासून सैफुलच्या दिशेनं १८० मीटरवर एक जागा सापडली. दुभाजक सलग, ठेंगणा, वर मोकळी जागा, दोन्ही दिशांना सात खांब दिसतात. पण तिथं पलीकडच्या कडेला नाल्याचं झाकण उघडं आहे. आणि परतताना भाजीची जड पिशवी घेऊन १८० मीटर उलटं यायला आई कुरकुर करतेय.

निवृत्त_ओव्हरसियर
झाकण उघडं आहे तिथून सात-आठ मीटर सरकून उतरा, तेवढ्यानं बाकी काही बदलत नाही. झाकणासाठी वेगळा अर्ज करा, तो लवकर मार्गी लागतो. पिशवी घेऊन मात्र १० मीटरला १२ च्या जागी १५ सेकंद लागले तर सातवा खांब पुरणार नाही, आठवा किंवा नववा लागेल. भरलेल्या पिशवीनं एकदा मोजून बघा.

कडकभाकरी
ताई, येताना ओलांडूच नका की. पलीकडून रिक्षा करा, रिक्षा पुढच्या वळणावरून फिरवून घरच्या बाजूला सोडेल. बसताना आधीच सांगायचं, "वळून पलीकडं सोडा", नाहीतर तो समोरच्या बाजूलाच उतरवतो आणि म्हणतो इथंच तर आलं.

विजयामाई
हे आमच्याकडंही चालेल. शेअर रिक्षा तेवढ्यासाठी वळत नाही, पण स्पेशल केली तर वळते. दवाखान्याच्या दिवशी तेच करू.

रोजचा_पायी
मीराताई, सकाळी आठ-नऊच्या सुमाराला चौकात पोलीस असतो का ते एकदा बघा. असला तर जाताना चौकातून, येताना रिक्षानं. १८० मीटरच्या जागेची गरजच पडणार नाही.

निवृत्त_ओव्हरसियर
पोलीस असला तर तसंच करा, माझी काहीच हरकत नाही. पण तो सुट्टीच्या दिवशी नसतो आणि देवळात जायचं असतं नेमकं सुट्टीच्या दिवशी. दुसरी जागा आईंच्या माहितीत असू द्या. सातव्या खांबाजवळ एखादं दुकान, रंगीत फलक असेल तर तीच खूण सांगा. खांब मोजत बसायला लागू नये.

मीरा_जुळे
उजवीकडं पत्र्याचं निळं गॅरेज आहे, बरोबर सातव्यापाशी. डावीकडं तसं काही नाही, नुसती मोकळी जागा आणि बाभळी आहेत. त्या बाजूला काय खूण धरावी, सुचवा कुणीतरी.

माढेकर
महापालिकेच्या परवानगीशिवाय खांबावर काही लावू नका, काढून टाकतात. तिकडं बाभळीच्या अलीकडं रस्ता किंचित चढतो का ते बघा. चढत असेल तर गाडीचं टप दिसणं आणि चाकं दिसणं यातला फरक हीच खूण धरा. चाकं दिसायला लागली की निघायचं नाही.

निवृत्त_ओव्हरसियर
थांबा माढेकर. त्या बाजूला चढ असेल तर चाकं दिसेपर्यंत गाडी किती जवळ आलेली असते ते आधी खांबांनी मोजायला हवं. सातव्या खांबाच्या आत येत असेल तर तो अर्धा भाग तिथून ओलांडता येणार नाही, जागा आणखी सरकवावी लागेल. मीराताई, उद्या दुभाजकावर नका चढू. पलीकडच्या कडेला उभं राहून बघा आणि मोजून इथं लिहा.